लॅक्टिक आम्ल आणि विलंबित स्नायुवेदना

विलंबित स्नायुवेदना म्हणजे सवय नसलेल्या किंवा नेहमीपेक्षा जास्त श्रमानंतर काही तासांनी सुरू होणारी आणि पुढील एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवणारी स्नायूंची ठणक, ताठरपणा व स्पर्शाने दुखणे होय. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला क्रीडावैद्यकात ‘डॉम्स’ असेही म्हटले जाते. मराठीत या अवस्थेला ‘अंग आंबणे’ असा जुना आणि नेमका शब्दप्रयोग आहे. व्यायामाच्या वेळी स्नायूंमध्ये तयार झालेले लॅक्टिक आम्ल (दुग्धाम्ल) तेथेच साचून राहते आणि दुसऱ्या दिवशी दुखते, ही समजूत व्यायामशाळांपासून क्रमिक पुस्तकांपर्यंत दीर्घकाळ प्रचलित आहे. मात्र श्रमानंतर वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपातळीजवळ येते आणि वेदना सुरू होते त्याच्या कित्येक तासांनंतर. शिवाय ज्या हालचालींत लॅक्टेट फारच कमी तयार होते, नेमक्या त्याच हालचालींनंतर ही वेदना सर्वांत तीव्र असते. त्यामुळे लॅक्टिक आम्ल हे या वेदनेचे कारण मानले जात नाही. ताणाखाली लांबत जाणाऱ्या स्नायूला होणारी सूक्ष्म इजा आणि त्यानंतर वेदनावाहक मज्जातंतूंची वाढणारी संवेदनशीलता, हे तिचे आज स्वीकारले जाणारे स्पष्टीकरण आहे.

## दोन वेगळ्या वेदना

श्रमाशी संबंधित दोन वेदना एकच मानल्या गेल्यामुळे या विषयात गोंधळ झाला आहे. पहिली वेदना श्रम चालू असतानाच होते. चारशे मीटर धावण्याच्या शर्यतीत शेवटच्या शंभर मीटरांत मांड्या पेटल्यासारख्या होतात, किंवा सलग बैठका मारताना एका टप्प्यानंतर पाय भाजल्यासारखे वाटू लागतात. श्रम थांबवले की ही जळजळ काही मिनिटांत ओसरते.

दुसरी वेदना श्रमाच्या वेळी जाणवतही नाही. व्यायाम संपवून मनुष्य घरी येतो, रात्री नेहमीप्रमाणे झोपतो आणि सकाळी पलंगावरून उठताना किंवा जिना उतरताना त्याला मांड्या दुखत असल्याचे कळते. ही वेदना साधारणपणे ८ ते २४ तासांनी सुरू होते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिखर गाठते आणि पाच ते सात दिवसांत निघून जाते. स्वस्थ बसलेले असताना ती फारशी जाणवत नाही. स्नायू दाबला, ताणला किंवा वापरला की ती जाणवते.

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२ मध्ये हा फरक स्पष्टपणे नोंदवला. अर्गोग्राफ या उपकरणावर बोटाच्या स्नायूंना वारंवार काम करायला लावून त्यांनी वेदनेच्या वेळा टिपल्या. थकव्याबरोबर येऊन लवकर जाणारी वेदना आणि काही तासांनी उमटून अनेक दिवस टिकणारी वेदना या वेगळ्या कारणांनी होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिलीचा संबंध त्यांनी थकव्याच्या वेळी साचणाऱ्या टाकाऊ द्रव्यांशी जोडला, तर दुसरीचा स्नायूच्या आत होणाऱ्या सूक्ष्म फाटण्याशी. म्हणजे आजच्या स्पष्टीकरणाचा गाभा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडला गेला होता. तरीही पुढील अनेक दशके लोकमानसात लॅक्टिक आम्लाचीच समजूत रुजली.

## समजुतीचा उगम

लॅक्टिक आम्ल हे प्रथम स्नायूत नव्हे, तर आंबलेल्या दुधात सापडले. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७८० मध्ये ते वेगळे केले आणि त्याचे नावही दुधावरूनच पडले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्झेलियस यांना शिकारीत दमवलेल्या हरणांच्या स्नायूंमध्ये हेच आम्ल आढळले. श्रम आणि आम्ल यांची सांगड येथून सुरू झाली.

या सांगडीला शास्त्रीय वजन मिळाले ते १९०७ मध्ये. केंब्रिज येथे वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी बेडकाच्या शरीरापासून वेगळे केलेल्या स्नायूंना विजेचे धक्के देऊन थकेपर्यंत आकुंचन पावायला लावले. थकलेल्या स्नायूंत लॅक्टिक आम्लाचे प्रमाण बरेच वाढलेले होते. पुढे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना स्नायूंतील उष्णता, ऑक्सिजन व लॅक्टिक आम्ल यांवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजन अपुरा पडला की लॅक्टिक आम्ल तयार होते आणि त्यामुळे स्नायू थकतो, हे सूत्र या काळात शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

या प्रयोगांचे निष्कर्ष त्यांच्या परिस्थितीपुरते बरोबर होते. मात्र कापून वेगळा केलेला बेडकाचा स्नायू हा जिवंत शरीरातील स्नायू नसतो. त्यात रक्तप्रवाह नसल्यामुळे तयार झालेले लॅक्टेट बाहेर वाहून जाण्याची सोयच नसते. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांच्याच कामातून असेही दिसले होते की, थकलेला स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला की त्यातील आम्ल नाहीसे होऊ लागते. समजुतीच्या प्रवासात ही दुसरी नोंद मागे पडली आणि ‘श्रमाने आम्ल साचते’ एवढेच शिल्लक राहिले. साचलेले आम्ल उद्याही तेथेच असेल, ही पुढची पायरी कोणत्याही प्रयोगाने दाखवलेली नव्हती. श्रमाच्या वेळच्या जळजळीचे कारण दुसऱ्या दिवशीच्या ठणकेला लावले गेले, इतकेच.

मराठी भाषकांच्या बाबतीत या समजुतीला भाषेचाही आधार मिळाल्यासारखे वाटते, कारण ‘आंबणे’ या क्रियापदात आंबटपणा आहे. परंतु ‘अंग आंबले’ हा शब्दप्रयोग अवस्थेचे वर्णन करतो. त्यातून स्नायूंतील रसायनाविषयी काही सिद्ध होत नाही.

## लॅक्टेट कसे तयार होते आणि कोठे जाते

स्नायू आकुंचन पावताना एटीपी या रेणूतील ऊर्जा वापरतो. हा साठा काही सेकंदच पुरतो, त्यामुळे एटीपी सतत नव्याने तयार करावे लागते. एक मार्ग म्हणजे ग्लुकोज किंवा स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजनचे विघटन. या विघटनातून पायरुवेट तयार होते. श्रमाचा वेग मध्यम असेल, तर बरेचसे पायरुवेट पेशीतील तंतुकणिकांमध्ये जाऊन ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्णपणे जळते. श्रम अतितीव्र असेल, तर पायरुवेट तयार होण्याचा वेग ते जळण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो आणि उरलेल्याचे लॅक्टेटमध्ये रूपांतर होते. या रूपांतरामुळे ग्लुकोजचे विघटन चालू राहण्यासाठी लागणारे सहविकर पुन्हा उपलब्ध होते. म्हणजे लॅक्टेट हा ऊर्जानिर्मिती अडू न देणारा पदार्थ आहे.

‘लॅक्टिक आम्ल’ हे नाव रूढ असले, तरी शरीरात ते आम्ल या रूपात जवळजवळ नसतेच. विश्रांतीत स्नायूचा सामू सुमारे ७ असतो आणि अत्यंत तीव्र श्रमानंतर तो साधारण ६.५ पर्यंत उतरतो. या पट्ट्यात लॅक्टिक आम्लाचे ९९ टक्क्यांहून अधिक रेणू लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन अशा विभक्त रूपात असतात. स्नायूतील आम्लता वाढते हे खरे, परंतु ते हायड्रोजन आयन नेमक्या कोणत्या अभिक्रियेतून येतात यावर जीवरसायनशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. विलंबित वेदनेच्या प्रश्नावर या वादाचा परिणाम होत नाही, कारण लॅक्टेट आणि वाढलेली आम्लता हे दोन्ही बदल श्रमानंतर लवकरच मावळतात.

तयार झालेले लॅक्टेट स्नायूत अडकून पडत नाही. त्याला पेशीपटलातून पलीकडे नेणारी वाहक प्रथिने असतात. काही लॅक्टेट शेजारचे स्नायुतंतू आणि हृदयाचे स्नायू इंधन म्हणून जाळतात. काही यकृतात पोहोचते आणि तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात. एका ऊतीत तयार होऊन दुसरीकडे वापरल्या जाणाऱ्या लॅक्टेटच्या या देवाणघेवाणीची मांडणी अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८०च्या दशकात केली. तेव्हापासून लॅक्टेटकडे टाकाऊ पदार्थ म्हणून न पाहता फिरते इंधन म्हणून पाहिले जाऊ लागले.

### वेळेचा हिशेब

विश्रांतीत रक्तातील लॅक्टेट लिटरमागे सुमारे १ मिलिमोल असते. पूर्ण ताकदीने केलेल्या एक-दोन मिनिटांच्या श्रमानंतर ते १५ मिलिमोलच्याही पुढे जाऊ शकते. श्रम थांबल्यावर वाढीव लॅक्टेट साधारणपणे दर १५ ते २५ मिनिटांनी निम्मे होत जाते.

उदाहरणादाखल, एखाद्या धावपटूच्या रक्तातील लॅक्टेट शर्यतीनंतर १६ मिलिमोल झाले, म्हणजे विश्रांतीच्या पातळीपेक्षा १५ मिलिमोल जास्त झाले, असे मानू. वाढीव लॅक्टेट दर २० मिनिटांनी निम्मे होत असेल, तर २० मिनिटांनी ते ७.५, ४० मिनिटांनी ३.७५ आणि तासाभराने सुमारे १.९ मिलिमोल उरेल. दोन तासांनी ते पाव मिलिमोलपेक्षाही कमी असेल. म्हणजे विलंबित वेदना सुरू होण्याच्या कितीतरी आधी लॅक्टेट विश्रांतीच्या पातळीवर आलेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, मांड्या सर्वाधिक दुखत असताना, त्या स्नायूत साचलेले असे लॅक्टेट उरलेले नसते.

एवढ्यावरून लॅक्टेट पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. ते लवकर नाहीसे होत असले, तरी जाण्यापूर्वी काही इजा करून जात असेल आणि वेदना त्या इजेची असेल, अशी शंका घेता येते. या शंकेचे उत्तर पुढील प्रयोगांतून मिळते.

## निर्णायक प्रयोग

### उतारावरचे धावणे

अमेरिकेतील जेम्स श्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हा प्रश्न थेट तपासला. सात व्यक्तींना धावपट्टीवर ४५ मिनिटे धावायला लावण्यात आले. एकदा धावपट्टी सपाट होती आणि एकदा तिला १० टक्के उतार दिलेला होता, म्हणजे प्रत्येक १० मीटर पुढे जाताना १ मीटर खाली जाण्याइतका. धावण्यापूर्वी आणि धावताना रक्तातील लॅक्टेट मोजले गेले, तर पुढील ७२ तास वेदनेच्या नोंदी घेतल्या गेल्या.

समजूत खरी असती, तर ज्या धावण्यात लॅक्टेट वाढले त्यानंतर पाय दुखायला हवे होते. प्रत्यक्षात उलट झाले. सपाटीवर धावताना लॅक्टेट लक्षणीय वाढले, पण नंतर लक्षणीय वेदना झाली नाही. उतारावर धावताना लॅक्टेट लक्षणीय वाढलेच नाही, तरी पुढील दिवसांत विलंबित वेदना स्पष्टपणे झाली. कारण आणि परिणाम येथे एकमेकांपासून पूर्णपणे सुटे होतात. लॅक्टेट असताना वेदना नाही आणि वेदना आहे तेथे लॅक्टेट नाही.

### दोन पाय, दोन कामे

दोन वेगळ्या दिवशी केलेल्या श्रमांत इतरही फरक असू शकतात. हा आक्षेप टाळणारा प्रयोग एकाच माणसाच्या दोन पायांवर करता येतो. ब्रिटनमधील डायना न्यूहॅम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यक्तींना २० मिनिटे पायरीवर चढ-उतार करायला सांगितले. चढताना शरीर वर उचलण्याचे काम नेहमी एकाच पायाने करायचे आणि उतरताना शरीर सावकाश खाली सोडण्याचे काम दुसऱ्या पायाने करायचे. एकच शरीर, एकच रक्त, एकच वेळ आणि तेवढेच वजन. वेदना झाली ती उतरण्याचे काम करणाऱ्या पायाच्या मांडीत. चढण्याचे काम करणारा पाय दुखला नाही. डेन्मार्कमधील एरलिंग आस्मुसेन यांनी १९५६ मध्येच वेदनेचा संबंध याच प्रकारच्या कामाशी असल्याचे दाखवून दिले होते.

### उतरण्याचे काम स्वस्त का असते

उतरण्याचे काम करणाऱ्या पायात लॅक्टेट जास्त तयार होत असेल, ही शक्यता एका जुन्या प्रयोगाने आधीच निकालात काढली होती. १९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दोन स्थिर सायकली एकमेकींना पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एक व्यक्ती पायटे पुढे मारत असे आणि दुसरी त्या फिरणाऱ्या पायट्यांना पायांनी अडवत असे. दोघांचे पाय सारखाच जोर लावत होते. फरक इतकाच होता की पहिल्याचे स्नायू जोर लावताना आखडत होते, तर दुसऱ्याचे स्नायू जोर लावतानाच ताणले जात होते. अडवणाऱ्या व्यक्तीने वापरलेला ऑक्सिजन पायटे मारणाऱ्या व्यक्तीच्या तुलनेत बराच कमी होता.

ताणले जाताना प्रत्येक स्नायुतंतू अधिक बल देऊ शकतो, त्यामुळे तेच काम कमी तंतूंनी आणि कमी ऊर्जेने होते. ऊर्जा कमी लागली की लॅक्टेटही कमी तयार होते. मात्र तोच भार कमी तंतूंवर विभागला गेल्यामुळे प्रत्येक तंतूवरचा यांत्रिक ताण वाढतो. ज्या कामात रासायनिक खर्च कमी आणि यांत्रिक ताण जास्त, त्याच कामानंतर स्नायू दुखतात.

सह्याद्रीतील गड चढणाऱ्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर चढताना दम लागतो आणि पाय भरून येतात. उतरताना धाप लागत नाही, परंतु प्रत्येक पायरीवर मांडीच्या पुढच्या स्नायूंना शरीराचे वजन अडवत लांबावे लागते. सवय नसलेल्यांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात त्या मुख्यतः या उतरणीमुळे. तालमीत पहिल्यांदा बैठका मारणाऱ्याच्या मांड्याही खाली बसण्याच्या टप्प्यात असाच ताण घेतात.

### लॅक्टेटविना वेदना

मॅकआर्डल विकार हा ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेला आनुवंशिक विकार आहे. या रुग्णांच्या स्नायूंत ग्लायकोजनचे विघटन करणारे विकर नसते. त्यामुळे श्रमानंतर निरोगी व्यक्तींप्रमाणे त्यांच्या रक्तातील लॅक्टेट वाढत नाही. तरीही श्रमाने त्यांच्या स्नायूंत वेदना होते, गोळे येतात आणि स्नायूंना इजाही होते. ही वेदना सर्वस्वी विलंबित स्नायुवेदनेसारखी नसते, परंतु श्रमानंतर स्नायू दुखण्यासाठी लॅक्टेट आवश्यक नाही, हे तिच्यावरून दिसते.

## वेदनेचे प्रत्यक्ष कारण

### स्नायुतंतूतील सूक्ष्म इजा

स्नायुतंतू हा सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म एककांच्या लांब साखळीने बनलेला असतो. दोन सार्कोमिअरच्या सीमेवर झेड पट्टी असते आणि बल निर्माण करणारे प्रथिनांचे धागे या पट्टीला बांधलेले असतात. भाराखाली स्नायू लांबत असताना सर्व सार्कोमिअर सारखे लांबत नाहीत. जे तुलनेने दुर्बल असतात ते प्रमाणाबाहेर ताणले जातात आणि हालचाल वारंवार झाली की त्यांची अंतर्गत रचना विसकटते.

स्वीडनमधील यान फ्रीडेन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जिना वारंवार उतरलेल्या व्यक्तींच्या पोटरीच्या स्नायूचे नमुने घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. एरवी सरळ दिसणाऱ्या झेड पट्ट्या काही ठिकाणी नागमोडी, पसरलेल्या किंवा तुटलेल्या दिसल्या. हफ यांनी अनुमानाने सुचवलेल्या सूक्ष्म फाटण्याला अशा निरीक्षणांतून प्रत्यक्ष आधार मिळाला.

अशा श्रमानंतर स्नायूची ताकद लगेच घटते आणि ती भरून यायला काही दिवस लागतात. क्रिएटिन कायनेज हे एरवी स्नायुपेशीत राहणारे विकर रक्तात झिरपते. शरीराची दुरुस्ती यंत्रणा सुरू होते, इजा झालेल्या भागाकडे पांढऱ्या पेशी येतात आणि स्नायूला किंचित सूजही येते.

### मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता

इजा श्रमाच्या वेळीच झालेली असते, तर वेदना उशिरा का येते, याचे उत्तर मज्जातंतूंमध्ये आहे. स्नायूतील बारीक वेदनावाहक तंतूंना एरवी साधा दाब किंवा ताण वेदनादायक वाटत नाही. इजेनंतर स्नायूत तयार होणारी काही द्रव्ये या तंतूंचा उंबरठा हळूहळू खाली आणतात. मग जिना उतरणे किंवा मांडीवर हात ठेवणे यांसारख्या साध्या गोष्टीही दुखू लागतात. स्वस्थ बसल्यावर न दुखता हालचालीने दुखण्याचे कारण हेच आहे.

जपानमधील संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या प्रक्रियेचा एक क्रम दाखवला. स्नायू भाराखाली लांबत असताना ब्रॅडिकायनिन हे द्रव्य आपला परिणाम करते. त्यामुळे पुढील तासांत स्नायूत मज्जातंतू वृद्धी घटकाची निर्मिती वाढते आणि हा घटक वेदनावाहक तंतूंना संवेदनशील करतो. ब्रॅडिकायनिनचा परिणाम रोखणारे औषध व्यायामापूर्वी दिले तर नंतरचा दुखरेपणा टळला, परंतु व्यायाम संपल्यावर दिले तर उपयोग झाला नाही. याउलट वृद्धी घटकाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये दोन दिवसांनी दिली, तरी दुखरेपणा कमी झाला. म्हणजे वेदनेची सुरुवात करणारा आणि ती टिकवणारा असे दोन वेगळे टप्पे आहेत. त्यांच्या मधला, घटक तयार होण्याचा काळ म्हणजेच वेदनेला होणारा विलंब होय. माणसाच्या स्नायूत हाच वृद्धी घटक टोचल्यावरही तो भाग काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दुखरा होतो.

### स्पष्टीकरणाच्या मर्यादा

इजा जितकी जास्त तितकी वेदना जास्त, असे सरळ नाते आढळत नाही. ताकद श्रमानंतर लगेच सर्वाधिक घटलेली असते, तर वेदना एक-दोन दिवसांनी शिखरावर असते. क्रिएटिन कायनेजची पातळी वेदना ओसरत असतानाही वाढत राहू शकते. प्राण्यांमध्ये स्नायुतंतूंची ठळक हानी दिसत नसतानाही दुखरेपणा निर्माण होऊ शकतो. स्नायूंभोवतीचे संयोजी ऊतींचे वेष्टनही या वेदनेत सहभागी असल्याचे पुरावे आहेत. त्यामुळे यांत्रिक ताणापासून वेदनेपर्यंतच्या साखळीतील प्रत्येक कडीचे महत्त्व किती, हा संशोधनाचा विषय आहे. त्या साखळीत लॅक्टेटला मात्र स्थान उरलेले नाही.

## श्रमाच्या वेळच्या जळजळीत लॅक्टेटचा वाटा

लॅक्टेटचा वेदनेशी काहीच संबंध नाही, असा उलट टोकाचा निष्कर्षही योग्य नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांच्या अंगठ्याच्या स्नायूत आम्लता, लॅक्टेट आणि एटीपी यांची द्रावणे टोचली. प्रत्येक द्रव्य स्वतंत्रपणे दिले असता थकवा किंवा वेदना जाणवली नाही. तिन्ही एकत्र दिल्यावर मात्र प्रमाणानुसार आधी थकल्यासारखी आणि नंतर दुखल्यासारखी जाणीव झाली. तीव्र श्रमाच्या वेळी ही तिन्ही द्रव्ये स्नायूत एकत्रच वाढतात. म्हणून श्रम चालू असतानाच्या जळजळीत लॅक्टेटचा इतरांबरोबर वाटा आहे. परंतु ती वेदना हफ यांनी वेगळी काढलेली पहिली वेदना होय.

## उपायांवरील परिणाम

कारणाविषयीची समजूत चुकली की उपायही चुकीच्या गोष्टीवर बेतले जातात. व्यायामानंतर हलके धावत किंवा चालत राहिल्याने आम्ल निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी दुखत नाही, असे सांगितले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. हलक्या हालचालीने लॅक्टेट स्वस्थ बसण्यापेक्षा लवकर कमी होते. परंतु त्यामुळे विलंबित वेदना टळत नाही, कारण ती लॅक्टेटमुळे होतच नाही.

मालिशने आम्ल बाहेर काढले जाते, हीदेखील प्रचलित कल्पना आहे. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात २०१० मध्ये केलेल्या प्रयोगात मूठ आवळण्याच्या तीव्र श्रमानंतर हाताला मालिश केली असता, दाबामुळे रक्तप्रवाहात अडथळा येऊन लॅक्टिक आम्ल बाहेर पडण्याचे प्रमाण उलट कमी झाल्याचे आढळले. मालिशने वेदना काही प्रमाणात कमी जाणवू शकते, परंतु तिचे स्पष्टीकरण आम्ल बाहेर काढण्यात नाही. स्नायू ताणण्याच्या व्यायामांचा परिणामही नगण्य आहे. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात व्यायामानंतर स्नायू ताणल्याने दुसऱ्या दिवशीची वेदना १०० अंकांच्या मापनपट्टीवर सरासरी केवळ एका अंकाने कमी झाल्याचे दिसले.

खात्रीचा उपाय म्हणजे स्नायूला आधी सौम्य प्रमाणात त्याच हालचालीची सवय लावणे. उतरण्याचा किंवा भार सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम एकदा केला की, काही आठवड्यांनी तोच व्यायाम पुन्हा केल्यावर वेदना, सूज आणि ताकदीतील घट या सर्व गोष्टी बऱ्याच कमी होतात. हे संरक्षण अनेक आठवडे, काही अभ्यासांनुसार काही महिनेही टिकते. लॅक्टेट हे कारण असते, तर एकाच वेळच्या सौम्य व्यायामाने इतका दीर्घकाळ टिकणारा फरक पडण्याचे काही कारण नव्हते. यांत्रिक ताणाला जुळवून घेतलेल्या स्नायूच्या बाबतीत मात्र तो अपेक्षितच आहे.

## सामान्य वेदना आणि धोक्याची लक्षणे

विलंबित स्नायुवेदना आपोआप बरी होते. ती सहसा श्रम झालेल्या स्नायूंत दोन्ही बाजूंना पसरलेली असते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरू लागते. श्रमाच्या क्षणीच एका जागी अचानक उठलेली तीव्र कळ ही स्नायू फाटल्याची किंवा लचकल्याची असू शकते. तिला विलंबित वेदना समजून व्यायाम चालू ठेवणे योग्य नाही.

क्वचित प्रसंगी सवय नसलेल्या अतिश्रमाने स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात आणि त्यांतील मायोग्लोबिन रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचते. या अवस्थेला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. असह्य वेदना, स्नायूंची ठळक सूज, हातपाय हलवता न येण्याइतका अशक्तपणा आणि काळ्या चहासारख्या गडद रंगाची लघवी ही तिची लक्षणे होत. या अवस्थेत मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असल्याने तातडीने वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. अशा वेळी दुखणे ‘आम्ल साचल्याचे’ समजून मालिश करीत किंवा आणखी व्यायाम करीत राहिल्यास उपचारांना उशीर होतो आणि हा धोका वाढतो.